ढग काळा की उजळ?

आमच्या काकांचं उजेडाशी हाडवैर. उभा जन्म फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात अंधार मोजायचं काम अंगावर घेतलं. अमावास्येच्या आसपास, आभाळ निरभ्र असेल तेव्हा, मी त्यांना आणि काकूला गाडीने टेकडीवर न्यायचे. मंडळाची दुर्बीण तिथेच होती. काकूच्या हातात चहाचा थर्मास आणि तोंडात गप्पा. काका तिला दटावायचे, "शू! लक्ष उडतं माझं." मी मोबाईल उघडला की मग तर विचारूच नका. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झोतात सगळं मुसळ केरात जातं, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

अंधाराच्या नऊ इयत्ता असतात. पहिली सगळ्यात काळी, नववी म्हणजे शहरातला भर चौक. "ही एकच शाळा," काका म्हणायचे, "जिथे वरच्या वर्गात गेलं की नापास." आमची टेकडी तिसरीत होती. मंडळाचं मोजायचं यंत्र बिघडलं, तेव्हा कुणी दुरुस्तीला नेलं नाही, कारण काकांचे डोळे होते. शिवाय दर वेळी एकाच माणसाने बघायचं, म्हणजे तुलना चोख, असा त्यांचा रिवाज.

गेली दोन वर्षं मात्र काकांच्या तोंडी चौथी आली, मग पाचवी. खाली गावात नवे दिवे लागले होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मंडळाने ठरवलं, या खेपेलाही पाचवी निघाली तर दुर्बीण पलीकडच्या डोंगरावर न्यायची. तिथे रस्ता नाही, नुसती चढण. काकूचे गुडघे जिना चढताना रडतात. "तुम्ही जात जा, मी घरी बसेन," ती हसत म्हणाली. तिचं ते हसणं मला बघवलं नाही.

"काका, चौथी सांगून टाका ना! कोण बघायला येतंय?" मी टेकडीवर पोचताच भांडले.

"बाई गं, जे दिसतं तेच सांगायचं. नाहीतर मी कशाला हवा?"

दिवे विझवून आम्ही बसलो. अर्ध्या तासाने काकांनी मान वर केली. "कृत्तिका म्हणजे नुसता पुंजका. आकाशगंगा पुसट." जरा थांबून म्हणाले, "पाचवीच."

काकू सतरंजीची घडी घालायला लागली आणि सहज म्हणाली, "निघूया. काळा ढग आलाय डोक्यावर."

"काळा?" काका ताठ झाले. "नीट बघ. भोवतीच्या आकाशापेक्षा उजळ आहे की काळा?"

"काळाकुट्ट! आभाळाला भोक पडल्यासारखा. गावाकडे अगदी खाली आहे ना, तेवढाच जरा पांढुरका."

"पाचवीत असं होत नाही," काका हळूच म्हणाले. "गावाचा उजेड खालून ढगावर पडतो. पाचवीतला ढग डोक्यावरसुद्धा आकाशाहून उजळ दिसतो." नेहमी निरभ्र रात्रच निवडायची, त्यामुळे ढगाला साक्षीला बोलवायची वेळ कधी आलीच नव्हती. "आता पश्चिमेला, हंसाच्या ताऱ्यांकडे बघ. आकाशगंगेचा पट्टा सलग आहे?"

"छे, मधे उभा फाटलाय. दोन पदर झालेत. दरवेळी असाच असतो की."

"आणि कृत्तिका? मोज. थेट नको, जरा बाजूला बघून मोज. अंधुक तारे डोळ्याच्या कडेनेच सापडतात."

"सहा... सात. हो, आणखी एक आहे."

मीही मोजले. मोबाईल खिशातच होता, म्हणून असेल, पण मलाही आठ दिसले.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे आभाळ जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "पाचवीत मी गेलोय." ज्या डोळ्यांवर सगळं मंडळ विसंबलं, त्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि आम्ही गावातल्या दिव्यांना शिव्या देत होतो.

काकूने त्यांचा हात धरला. "उद्या डॉक्टर. आणि पण-बिण काही ऐकणार नाही मी."

"जाऊ की. आधी इयत्ता सांग. आज तू सांगायचीस."

"मी? मला काय कळतंय?"

"ढग ओळखलास ना?"

काकूने मान वळवून सगळं आभाळ न्याहाळलं. काका तिच्याकडे एकटक बघत होते, जसं काही तिथूनच निकाल लागणार होता. "तिसरी," ती म्हणाली. सतरंजी तिने पुन्हा अंथरली, चहा ओतला आणि गप्प बसली, कारण वर्षानुवर्षांची तशीच सवय.

"शांत का?" काका म्हणाले. "बोल ना. काय काय दिसतंय, सगळं सांग मला."