तिखटाचे गोळे

डोळे फोडून काम करायची मला हौस नाही. पण सदर भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येतं ते सगळं तसलंच. दुकानदार कागदांचे फोटो पाठवतात आणि आम्ही त्यातली माहिती कॉम्प्युटरवर आकड्यांत मांडून देतो.

त्या दिवशी फोटो आला तो ओळखीच्या मसालेवाल्याचा. घरगुती सावजी मसाल्यांचे चार नमुने त्याने नेहमीच्या गिऱ्हाइकांना भाजीत घालून चाखवले होते आणि पुठ्ठ्यावर तक्ता केला होता. नमुन्यांना क, ख, ग, घ अशी नावं. वास, चव, रंग, तिखट असे रकाने आणि प्रत्येक घरात पाच गोळे. गिऱ्हाइकांनी मिळून जेवढे पसंत तेवढे स्केचपेनने भरायचे, असं मी धरलं. शेवटी ‘एकूण’. पहिले दोन मसाले तो दुकानात ठेवणार होता.

चारांपैकी एक माझ्या सावनेरच्या आत्याचा होता. सकाळपासून तिचे फोन.

“काहून वं, फोन काहून उचलून नाही राहिली? लागला का निकाल?”

“आत्या, अजून फोटोच उघडला नाही मी!”

“मंग उघड नं बापा!”

हा मसाला तिने विकायला केलाच नव्हता. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पोटात अल्सर झाला, डॉक्टरांनी तिखट बंद केलं आणि सावजीशिवाय घास न उतरणारा माणूस वरणभातावर आला. ताटावर बसून रुसायचे. म्हणून तिने मिरची जवळजवळ काढून टाकली आणि दगडफूल, खसखस, धने असं काय काय वाढवत बसली. महिनोन् महिने, दर खेपेला काकांना वास घ्यायला लावून. शेजारणींनी मागून नेला, तेव्हा कुठे तिला वाटलं, दुकानात द्यावा.

मी आधी फोटो मोबाईलमधल्या वाचणाऱ्या ॲपला दिला. त्या शहाण्याने सगळ्यांना पाचपैकी पाच दिले! भरलेला गोळा काय नि रिकामा काय, त्याला सगळे सारखेच. मग बसले स्वतःच. भरलेला एक, अर्धा भरलेला अर्धा, रिकामा शून्य. आणि भरलेले, अर्धे, रिकामे मिळून घरात गोळे पाचच झाले पाहिजेत. वरच्या ओळीत ट्यूबलाइट चमकल्यामुळे एका घरात चारच दिसत होते. तिथे अंदाज ठोकायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. दुसरा फोटो मागवला. पाचवा निघाला.

बेरीज केली. ख पहिला, क दुसरा. ग सगळ्यांत शेवटी.

ग कोणाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिखटाच्या घरात एकच गोळा भरलेला होता. जीव असा खट्टू झाला म्हणता! आत्याला काय तोंडाने सांगू? पण मनाने आकडे हलत नसतात. मी परत तक्त्याकडे पाहिलं आणि मग डोक्यात आलं, हा एक गोळा म्हणजे नक्की काय? नावडला, की तिखट कमी?

मसालेवाल्याला फोन लावला. ग माझ्या आत्याचा असावा, हे आधीच सांगून टाकलं. मग विचारलं, “भाऊ, गिऱ्हाइकांना तिखटाचे गोळे कसे भरायला सांगितले होते?”

“जेवढं तिखट लागलं तेवढे भरा म्हटलं.”

“म्हणजे आवडलं का, ते नाही विचारलं?”

“नाही जी. ते तर चवीत आलं.”

“मग जास्त तिखट लागलं म्हणून क-ला जास्त मार्क काहून द्यायचे?”

तो हसायला लागला. “ताई, सावजीवाला आहे मी. आमच्यात तिखट म्हणजे चांगलंच!” पण माणूस सरळ. म्हणाला, तिखट बेरजेतून काढा, बाजूला नुसतं लिहून ठेवा, पाकिटावर छापता येईल.

तिखट वगळून बेरीज केली. ख पहिलाच राहिला. रंगात मार खाऊनही ग दुसरा आला, क मागे गेला. मसालेवाल्याने नावांची चिठ्ठी बघून सांगितलं, ग आत्याचाच. मी खुर्चीतच टुणकन उडाले, लपवत नाही.

आत्याला फोन केला. “दुसरा नंबर! दुकानात ठेवणार तुझा मसाला!”

मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, “ते राहू दे. वासाले किती देले?”

“पाच. पाचही भरलेले. तेवढे कोणालाच नाहीत.”

फोन तोंडापासून दूर धरून तिने हाक मारली, “अहो, ऐकून राहिले का? वासाले पाच! मी म्हणत नव्हती, तुमचं नाक अजून शाबूत आहे म्हणून?”

मागून काकांचा आवाज आला, “त्या गिऱ्हाइकायले काय विचारून राहिली? मी तर पयल्याच दिवशी सांगितलं होतं, वास चांगला आहे म्हणून.”

“पयल्या दिवशी ताट सरकवलं होतं तुम्ही,” आत्या म्हणाली.