फौत आणि फौज

सरकारी रेकॉर्ड रूममधल्या नोकरीतून निवृत्त झालो, तरी शहापूरच्या कचेरीसमोर बसून मी जुने मोडी कागद साध्या मराठीत उतरवून देतो. लोकांना वाटतं सोपं काम. सोपं कसलं डोंबलाचं! मेलेली माणसं त्या शाईत बसलेली असतात आणि त्यांचं बोलणं माझ्या तोंडून बाहेर पडतं. मला भीती वाटते त्याची, सरळ सांगतो.

मुरबाडकडच्या एक बाई आल्या, सत्तरी ओलांडलेल्या. आई वारलेली, जमिनीला वारस म्हणून ह्यांचं नाव लावायचं होतं. जमीन आईच्या नावावर कशी आली, तो जुना फेरफार आणि त्याला जोडलेला जबाब कचेरीला कळेल अशा भाषेत हवा होता. पण बाईंचा जीव अडकला होता भलतीकडेच. बाप ह्यांच्या जन्माआधी घरातून निघून गेलेला, असं त्या धरून होत्या; वाढल्या त्या आईच्या माहेरी, बापाच्या गावापासून लांब.

"आई म्हनायची, कागदावर लिवलंय, तुजा बाबा फौजेत गेला. कुटल्या फौजेत, तेवढं बगा. मी अजून वाट बगते त्याची."

मी भिंग लावलं. शब्द होता ‘फौत’.

"फौज नाही मावशी, फौत. म्हणजे वारले."

"मंग आईला कोनी फसवली? जन्मभर कुंकू लावलं तिनं. हिरवं लुगडं नेसवून पोचवली आमी तिला."

माझंही डोकं सणकलं. अडाणी पोरीला असा शब्द फिरवून सांगणाऱ्या भाऊबंदांना मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग जबाबाचं पान उलटलं. जबाब आईचा होता. ‘बेवा हजर’, म्हणजे विधवा समक्ष आली. ‘खाविंद राहते घरी फौत’, म्हणजे नवरा राहत्या घरातच वारला. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा.

गप्प बसावंसं फार वाटलं. पण कागदाशी खोटं बोलायची मला सवय नाही. वाचून दाखवलं.

"तिला ठावं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "माज्यासाटी फिरवला तिनं तो शब्द."

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "परत वाचा. सगळं साध्या शब्दांत."

मी वाचलं. "मी समक्ष सांगते, माझा नवरा घरीच वारला. मी सहा महिन्यांची गरोदर आहे." तो आवाज मला माझा वाटेना.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजे तिनं ह्ये सांगितलं तवा मीपन तितंच होते," त्या म्हणाल्या. "मी आयकलं होतं."