नसीमबानोचं वीस मार्कांचं उत्तर

माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या अमरावतीले माहीत आहे. तरी नसीमबानो दर रविवारी अकोल्याहून माझ्याकडे मानसशास्त्र शिकायला यायची. डाळमिलमध्ये फिरत्या पट्ट्यावर तूर निवडणाऱ्या बायांची ती मुकादम, आणि बाहेरून एम.ए. करत होती. संघटनात्मक मानसशास्त्राचा पेपर दोनदा उडाला होता. ही शेवटची संधी. आता गेला तर सगळी मेहनत पाण्यात.

तिनं सरावाला लिहिलेलं उत्तर वाचून माझं टाळकंच सटकलं. वीस मार्कांचा प्रश्न होता, नेतृत्वशैली आणि कार्यसमाधान यांचा संबंध स्पष्ट करा. बाईनं पहिल्याच ओळीत निकाल लावला होता: लोकशाही शैली सर्वोत्तम, बाकीच्या वाईट. पुढं नुसती तारीफ.

"नसीम, मिलमध्ये बायाईले तू अशीच हाकत असशीन," मी म्हणालो. "आधी हुकूम, मंग कारण. परीक्षकाले हुकूम नाही लागत."

"मंग काय लागते, सर?"

"आधी व्याख्या. कार्यसमाधान म्हणजे आपल्या कामाबद्दल माणसाले वाटणारी बरी भावना. मंग ते कशानं वाढते, मंग शैली, त्याईचा संबंध, मर्यादा, अन् निष्कर्ष शेवटी. आता खरं सांग, पट्ट्यात कोनाचा पदर अडकला तर तू मतं विचारत बसशीन काय?"

"बटन बंद करा म्हून बोंबलीन."

"मंग तेच लिही ना, बापा."

पेपरात नेमका तोच प्रश्न आला; पेपर झाल्यावर ती थेट माझ्या घरी आली आणि उत्तर सांगत सुटली. व्याख्येनंतर तिनं द्विघटक सिद्धांत मांडला होता: नाराजी घालवणाऱ्या गोष्टी वेगळ्या, समाधान देणाऱ्या वेगळ्या. मिलमध्ये पंखे लागले, पगार वेळेवर झाला, तेव्हा कुरकुर थांबली; समाधान मात्र आलं नाही. ते आलं पाळ्या ठरवायची जबाबदारी बायांवर सोपवल्यावर, चांगल्या कामाचं नाव घेऊन कौतुक केल्यावर. मग शैली: विचारून चालणाऱ्या नेत्याकडे समाधान बहुधा जास्त, पण धोक्याच्या वेळी हुकूमच कामाचा. पूर्ण मोकळीक जाणत्यांना मानवते, नवख्या बाया त्यात गोंधळतात. म्हणून शेवटी निष्कर्ष असा, की माणसं आणि प्रसंग पाहून शैली बदलावी. मी चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहिलो. एक शब्द खोडायला सापडला नाही, आणि माझ्यासारख्याला हे कबूल करणं जड जातं.

निकालाच्या दिवशी भरदुपारी तिचा मिलमधून फोन आला.

"सर, मी पास झाली. त्याच पेपरात सगळ्यात जास्त मार्क हायेत."

"जिंकली रे माझी पोरगी," एवढंच बोललो. मग विचारलं, "मिलचा आवाज काहून नाही येत?"

"बायाईनं पट्टा बंद केला. पेढे वाटून राहिल्या. मालक धावत आले, म्हणे, कोनाच्या हुकमानं बंद केला?"

"मंग?"

"आमच्यातल्या माणिकबाईनं सांगतलं, हुकूम कोनाचाच नाही. आमी सगळ्याईनं मिळून ठरवलं."