बर्फाच्या पेटीचं वाक्य

माझ्या नातीच्या पहिल्या वर्षाच्या निबंधात माझं एकही वाक्य नाही. एक वाक्य मी दिलं होतं, ते नापास झालं. आमच्या लाखनी गावात मात्र सगळे समजतात की तो निबंध माझ्याच डोक्यातून निघाला. हे असं समजू देण्यात माझाही हात आहे आणि त्याची टोचणी मला लागून आहे. म्हणून जे घडलं ते इथे लिहून ठेवतो.

मी अनेक वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. ‘आर्थिक विषमतेची चर्चा करा’ हा प्रश्न आमच्या पेपरात जणू ठरलेलाच असायचा, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं: अर्थ, कारणे, परिणाम, उपाय. मी सांगायचो, पोरं उतरवून घ्यायची आणि पास व्हायची. कुणी त्याच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

नात भंडाऱ्याला शिकते. तिचे आईवडील जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतात, पण शनिवार आला की ती बस धरून माझ्याकडे येते. त्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. प्रश्न तोच, ‘भारतातील आर्थिक विषमतेची चर्चा करा’. पण तिच्या बाईंनी एक अट घातली होती. निबंध लिहिण्याआधी आपलं म्हणणं एका वाक्यात लिहून पाठवायचं, आणि ते वाक्य असं हवं की समजूतदार माणूसही त्याला विरोध करू शकेल. वाक्य मंजूर झालं तरच पुढे लिहायचं.

तिचं पहिलं वाक्य परत आलं होतं. ‘भारतात आर्थिक विषमता ही गंभीर समस्या आहे.’ खाली बाईंचा शेरा होता: याला नाही कोण म्हणेल?

“सोमवारपर्यंत नवीन वाक्य पाठवाचं आहे, आबाजी,” ती चप्पल काढता काढता म्हणाली. “सोमवारीच पुढल्या वर्षाचा मुख्य विषयही सांगाचा आहे. वाक्य जमलं नाही ना, तर मी अर्थशास्त्र सोडून देतो. इतिहास घेतो.”

आमच्याकडे मुलीही असंच ‘देतो-घेतो’ बोलतात. मला मात्र त्या ‘सोडून देतो’नं धस्स झालं. घरात हा विषय माझ्यानंतर हिनेच हातात घेतला होता.

मी खुर्ची ओढून सरसावून बसलो आणि वाक्य सांगितलं: ‘शिक्षण, रोजगार, जमीनसुधारणा आणि करप्रणाली या मार्गांनी शासनाने आर्थिक विषमता दूर केली पाहिजे.’ सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. तिनं लगेच फोनवरून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. ती मोठ्यानं वाचत होती आणि माझे कान गरम होत होते.

“‘यात चार पुस्तकं आहेत, निबंध एकही नाही. चारपैकी कशावर तू वाद घालणार? आणि पुरावा कुठून आणणार?’” तिनं फोन खाली ठेवला. “आबाजी, बाईले सांगू का, हे वाक्य कोणाचं आहे ते?”

“नको,” मी म्हणालो.

ती खो खो हसली. मग परत तोंड पाडून वही उघडली, आणि ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मासे आणायला मी दर रविवारी हायवे सोडून आतल्या एका गावच्या तळ्यावर जातो. तिला म्हटलं, चल, डोक्याला हवा लागेल. स्कूटरवर मागे बसून ती सारखी वाक्यं पुटपुटत होती आणि स्वतःच नाही म्हणत होती. “श्रीमंत अधिक श्रीमंत होत आहेत... हट. गावात विषमता शहरापेक्षा कमी आहे... कोणत्या गावात? कोणाची?”

तळ्यावर पोचलो तेव्हा ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमारांची, जाळी ओढून झाली होती. मच्छीमार संस्थेचा हिस्सा बाजूला काढून उरलेल्या मासळीचे वाटे पडत होते. हे वाटे पाहायला मला नेहमी आवडतं. रोहू, कटला, झिंगे, मोठा-लहान सगळा मासा मिसळून सारखे ढीग लावतात. मग एक म्हातारा ढिवर तळ्याकडे तोंड आणि ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, “हा कोणाचा?” म्हातारा न बघता एका घराचं नाव घेतो. कुरकुरीला जागाच राहत नाही.

“बघ,” मी नातीला म्हणालो, “तुझी विषमता इथे नाही. सगळ्यांना सारखं. हे उदाहरण लिही, बाई खूश होतील.”

ती वाटे बघत नव्हती. ती तळ्याच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, गावाकडे बघत होती.

“आबाजी, वाटे सारखे पडतात तर मग या घरावर स्लॅब आणि बाजूच्या घरावर कवेलू काहून?”

ती दोन घरं, एक पक्कं आणि एक कौलारू, सख्ख्या भावांची. दोघे एकाच जाळ्यावर असतात. त्यांच्या बायका, जेठानी आणि देरानी म्हणजे थोरली आणि धाकटी जाऊ, आपापले वाटे उचलायला तिथेच आल्या होत्या. मोठी आपला मासा थर्माकोलच्या पेटीत बर्फावर रचत होती. तिची मोपेड पाळीखाली उभी होती. ती हायवेवर लाखनीच्या फाट्याला जाऊन विकते. धाकटी टोपली डोक्यावर घेऊन गावात फिरते.

मी झिंगे निवडायला बसलो. नात धाकटीजवळ गेली.

“काकू, सकाळी रोहूचा जो भाव असतो, तोच दुपारी मिळतो का?”

“कायचा मिळते, बाई! ऊन चढलं का मासा नरम पडते. गिऱ्हाईकले मालूम असते का हे आता घरी नाही नेत. मंग ते म्हणन तो भाव.”

“आणि तुमच्या जेठानीचा?”

“तिचा मासा बर्फात झोपला असते. तिले कायची घाई?”

नात जागच्या जागी थांबली. काहीतरी हाती लागल्यासारखी ती माझ्याकडे आली, परत गेली, आणि पाळीवर उभी राहून वाक्य जोडत मोठ्यानं बोलली: “या तळ्यावर वाटे सारखे पडतात, तरी घराघरांच्या कमाईत फरक पडते. तो मासा पकडण्याच्या कसबामुळे नाही. तो बर्फाची पेटी आणि गाडी असल्या-नसल्यामुळे पडते.”

पेटी बांधणारी जेठानी ताडकन उभी राहिली.

“काय म्हणून राहिली व ही पोट्टी? पेटीमुळे? मी चार वाजता उठतो, ते नाही दिसत? फाट्यावरचे गिऱ्हाईक मी जोडले. गोड बोलून जोडले. पेटी बोलते का गिऱ्हाईकासंग?”

“बर्फ असता तर मी बी गोड बोलली असती,” धाकटी टोपली सावरत म्हणाली. “मासा सडून राहिला असन तर तोंडातून गोड कसं निघन?”

पाठ करून उभा असलेला म्हातारा तोंड न वळवता हसला. वाटे थांबले. “मोठीचं बरोबर आहे, तिच्या हातात गिऱ्हाईक आहे,” असं कोणी म्हणालं, तर कोणी म्हणालं, “अरे, तिले पावसाळ्यात विचार, ऊन नसते तवा दोघीचा भाव एकच असते.” जेठानीनं मला साक्षीला ओढलं.

“सर, तुमीच सांगा, तुमी तर शिकवलं आहे!”

मी मान खाली घालून परत झिंगे निवडू लागलो. नात मात्र टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती.

“आबाजी, विरोध झाला! खराखुरा विरोध!” ती माझ्या कानाशी येऊन ओरडली. मग जेठानीकडे वळली. “काकू, तुमचं म्हणणं मी निबंधात टाकणार आहे. तुमचं गोड बोलणं बी लिहीन.”

“लिही,” जेठानी फुरंगटून म्हणाली. “आणि चार वाजता उठतो ते बी लिही.”

घरी परतताना स्कूटरवर ती वाक्यातलं एकेक गाळत होती आणि मोठ्यानं विचारही करत होती. भारत गेला, जिल्हा गेला, एक तळं उरलं. बारा महिने जाऊन फक्त उन्हाळा उरला, कारण पावसाळ्यातल्या भावाचा मुद्दा तिच्या कानात अडकला होता. आणि विरोध पुसून न टाकता तिनं तो वाक्यातच बसवला. चहा होईपर्यंत वाक्य तयार होतं:

‘आमच्या तालुक्यातील एका तळ्यावर मासळीचे वाटे सारखे पडत असले आणि गिऱ्हाईक जोडण्याचं कौशल्य कमीजास्त असलं, तरी उन्हाळ्यात ढिवर कुटुंबांच्या कमाईत पडणारा फरक मुख्यतः बर्फाची पेटी व वाहन असण्या-नसण्यामुळे पडतो.’

“खोटं ठरलं तर?” मी विचारलं.

“ठरू शकते ना! पेटीवाल्याइले आणि टोपलीवाल्याइले दुपारी सारखाच भाव मिळत असन, तर मी हरली. तेच तर विचारत फिराचं आहे.” हरण्याची शक्यता सांगताना एवढा आनंदी चेहरा मी वर्गात कधी पाहिला नव्हता. माझ्या उत्तरात हरायला काही नव्हतंच. अर्थ, कारणे, परिणाम, उपाय, कोण काय हरणार?

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. बाईंचं उत्तर तिनं एका श्वासात वाचलं: “‘आता याच्याशी मी भांडू शकते. पेटीमुळे पैसा आला, की आधी पैसा होता म्हणून पेटी आली, हे तुला दाखवावं लागेल. लिही.’” आणि शेवटी, जणू सहजच, “आबाजी, मी अर्थशास्त्रच सांगितलं.”

फोन ठेवून मी शेजाऱ्याला विनाकारण चहा पाजला.

आता टोचणीची गोष्ट. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. बातमी लाखनीत पोचली. सकाळच्या फिरण्यात जुने विद्यार्थी भेटायचे आणि म्हणायचे, “सर, नातीचा निबंध म्हणजे तुमचंच डोकं!” पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा मान हलवली. पुढे एका कॉलेजात मला बोलावलं, तेव्हा मी वाक्य गाळत गाळत नेमकं करण्याची ती रीत अशी समजावून सांगितली, जणू जन्मभर तशीच शिकवत आलो. टाळ्या पडल्या. माझी नात तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि त्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही.

तिला सांगितलं तर म्हणाली, “जाऊ द्या ना, आबाजी.” पण मला तळ्यावर जाऊन सांगावंसं वाटलं. ज्यांच्या भांडणातून ते वाक्य निघालं, त्यांना तरी खरं कळावं. पुढच्या रविवारी तिला सोबत नेलं आणि वाटे पडत असताना मी घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर बोललो, “एक सांगायचं होतं. तो निबंध हिचा आहे. माझं त्यात काही नाही.”

जेठानीनं पेटीचं झाकण दाबत माझ्याकडे पाहिलं.

“आमाले मालूम आहे, सर. तवा तुमी तर झिंगे निवडून राहिले होते.”

सगळी पाळ हसली. धाकटी तर टोपली खाली ठेवून हसली. नात जेठानीजवळ बसून तिला निबंध वाचून दाखवू लागली, आणि दुसऱ्याच ओळीला जेठानीनं तिला थांबवलं.

“हे ‘मुख्यतः बर्फाची पेटी’ कोणी लिहिलं व? ते काढ.”

“नाही काढत,” नात म्हणाली. “खोटं आहे ते सिद्ध करा.”

मी झिंगे निवडायला बसलो.