बाबांची सही

"कान गया तो शुं, सही तो चाले छे ने."

जिन्यात चप्पल काढताना बाबांच्या कारखान्यातला तरुण इंजिनिअर हळू आवाजात गुजरातीत म्हणाला, कान गेले तर काय, सही तर चालते ना, आणि तिथले मॅनेजरकाका हसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आलं. मी चहाचा गॅस बारीक केला.

बाबा निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं. दुरुस्त झालेला पंप सुरू करायच्या आधी बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवत, त्याची मूठ कानाला लावत, ऐकत आणि अहवालावर सही करत. सही झाली की मोजमापाचं यंत्र कोणी बाहेर काढत नसे. कान मंदावल्याचं त्यांनी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग एक पंप त्यांनी ठीक म्हणून सोडला आणि तो जाम होऊन भयंकर तापला. फिटरचा हात मनगटापर्यंत भाजला. तेव्हापासून बाबा जेवताना मान वर करत नव्हते.

करार संपत आला होता. नूतनीकरण नको, असं पत्र मी इंग्रजीत लिहून दिलं. बाबांनी सांगितलं होतं, "आभार मान. अडलं तर सांगेन, पैसे नकोत. पण सही करणार नाही, हे स्पष्ट लिही." सहीचं वाक्य मला उद्धट वाटलं. मी ते गाळलं आणि 'आपल्याशी संबंध राहिला तर आनंदच होईल' असं काहीतरी गोड लिहिलं. बाबांनी न वाचताच खाली नाव घातलं. माझ्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास होता.

आता बाहेरच्या खोलीत ते पत्र उघडून काकांनी तेच वाक्य बोटाने दाखवलं. "सर, तुम्हीच लिहिलंय, संबंध ठेवायचाय. मग रोज येऊ नका ना! महिन्यातून दोनदा गाडी पाठवतो. इथून, नागरवाड्यातल्या घरून न्यायचं, सही, परत आणायचं. तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

बाबा त्यांच्या ओठांकडे पाहत हसत होते. किती समजलं होतं कोण जाणे. इंजिनिअरने नव्या कराराचा कागद पुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. बाबांनी पेन घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं, पत्रात लिहिलंस ना, अशा नजरेने.

काकांसमोर मी लहानपणापासून 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे बोललेली नव्हते. चहाचा ट्रे मी टेबलावर ठेवला. मी बाबांच्या हातातून पेन काढून घेतलं.

"काका, पत्रातली चूक माझी आहे. बाबा सही करणार नाहीत. त्यांना ऐकू येत नाही, आणि ते तुम्हाला माहीत आहे. इतकी वर्षं मान दिलात, त्याचे आभार. कधी अडलंच तर मला फोन करा, मी त्यांना लिहून विचारीन."