जमावातला माझा माणूस

लढाई संपल्यावर घरधनी पलटणीतून सुटून आले. लग्न झालं आणि वर्षाच्या आत ते लढाईवर गेले होते. त्यामुळे नवऱ्याबरोबर संसार कसा करतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी सांगली संस्थानातली, मुलींच्या शाळेत शिकलेली, आणि पडले कोरेगावाकडच्या शेतकऱ्याच्या घरात. सासरे कौतुकानं म्हणायचे, "आमची सून कागूद वाचती." नवरा जवळ नसलेल्या बाईनं दुसरं वाचायचं तरी काय! पलटणीतून येणारी चार ओळींची पत्रं मी इतकी वाचली होती, की कागदाच्या घड्या फाटून गेल्या.

ते आले तेव्हा उसाची लावण चालू होती. दारात कोण उभं आहे हे मला पहिल्या क्षणी कळलंच नाही. मग त्यांनी "पाणी दे की गं" म्हटलं, आणि मला रडू फुटलं. पुढचे काही महिने मी जगातली सगळ्यात चिडखोर आणि सगळ्यात सुखी बाई होते. त्यांना उजाडायच्या आत उठायची सवय, भांडी घासूनपुसून ओळीनं लावायची सवय. मी मुद्दाम तांब्या वाकडा ठेवायची आणि ते मुकाट्यानं तो सरळ करायचे.

आमच्या गावाचं पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून पाटानं यायचं. दर वर्षी पाट काढायचा, म्हणजे त्यातला गाळ उपसायचा, दिवस ठरायचा, दवंडी पिटायची, आणि घरटी एका माणसानं खोरं घेऊन पाटावर जायचं. ज्या घरातून माणूस जाणार नाही, त्या घराची पाण्याची पाळी त्या वर्षी बंद. म्हातारे सासरे आजवर कसेबसे जात होते. त्या वर्षी घरधनी गेले. आम्ही बाया न्याहारीच्या भाकऱ्या घेऊन मागून निघालो.

जाऊन बघतो तर वरच्या गावानं पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घातलेला, आणि त्याच्यावर राखणीला एक माणूस बसवलेला. पाट कोरडा ठणठणीत. आमची माणसं खवळली. घरधनी म्हणाले, "आदी मामलेदाराकडं जाऊ." कुणी ऐकेना. शिव्या सुरू झाल्या, दोघंतिघं खोरी उगारून धावायला लागले. तेव्हा यांनी पलटणीतल्या आवाजात हाक दिली आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. खोरी खांद्यावर, कुणी रांग सोडायची नाही. मी बाभळीखाली उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, माझा ऊर भरून आला होता.

बांध फोडायचा हे मात्र ठरलंच. आमच्या शेजारच्या घरातला गडी तेवढा म्हणाला, "पाट काढाय आलतो, ह्यो बांद फोडाय न्हाई," आणि म्हैस व्यायला झालीय म्हणून सरळ घरी निघून गेला. बाकीचे रांगेनं पुढं झाले. माती सुटली, पाणी आलं. राखणदार आडवा पडायला धावला आणि कुणाचं तरी खोरं त्याच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोरं कुणाचं, ते कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर बोललं नाही.

फौजदार आले, पंचनामा झाला, सगळ्यांवर खटला उभा राहिला. जामीन मिळाला म्हणून घरधनी घरी होते. साताऱ्याच्या वकिलांकडे ते आणि सासरे जायचे, त्यांच्याबरोबर मीही जायची, कागद वाचायला.

वकील तपकीर ओढत समजावायचे. "पाच किंवा जास्त माणसं बळजबरीचा हेतू धरून जमली, की तो बेकायदा जमाव. त्यातल्या एकानं जरी त्या हेतूपायी मारहाण केली, तरी दंगा साऱ्यांचा. आणि हात मोडणारा सापडला नाही, तरी असं काही होईल हे ठाऊक असून जे थांबले, ते सारेच त्या मोडलेल्या हाताचे गुन्हेगार."

सासरे म्हणाले, "आवं वकीलसायेब, पाट आमचा, पाणी आमच्या हक्काचं."

"हक्क असेल, तर दिवाणी कोर्टात मागायचा. खोऱ्यानं घ्यायचा नाही."

"पन आमी तर पाट काढाय गेलतो. दवंडी दिली हुती."

"घरातून निघालात तेव्हा काहीच बेकायदा नव्हतं," वकील म्हणाले. "बांध फोडायचं ठरलं तिथं जमाव फिरला. जो तेव्हा निघून गेला तो सुटेल. जो थांबला तो अडकला."

मग त्यांनी घरधन्यांकडं पाहिलं. वरच्या गावचा एक साक्षीदार फौजदारांना सांगून गेला होता की, हे लोक फौजेसारखे रांगेनं चालून आले आणि रांग या शिपाईगड्यानं लावली. ज्या रांगेनं डोकी फुटायची वाचली, तीच आता सगळ्यांचा हेतू एक होता याचा पुरावा झाली होती. वकील म्हणाले, "मामलेदाराकडं जाऊ असं तुम्ही म्हणाला होता. तेच सांगा. आणि फोडायला लागल्यावर मी बाजूला झालो, बायकांकडं बाभळीखाली गेलो, असं सांगा."

पहिलं खरं होतं, दुसरं नव्हतं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. वाटेत बैलगाडीत मी तीनदा म्हटलं, "तसंच सांगा हं." ते नुसते हसले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी प्रत्येक आरोपीला काय म्हणायचं ते विचारलं. शेजारच्या गड्याची पाळी आली, तेव्हा तो आधीच निघून गेल्याचं राखणदारानंच साक्षीत कबूल केलेलं होतं. यांची पाळी आली. मामलेदाराकडं जाऊ म्हणालो होतो, हे त्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मग फोडाफोडी सुरू झाल्यावर तुम्ही निघून का गेला नाहीत?"

वकिलांनी मान खाली घातली, कारण त्यांना उत्तर आधीच कळलं असावं. घरधनी म्हणाले, "मान्सं मीच हुबी केली हुती, सायेब. त्यास्नी तितं टाकून मी एकला घराकडं कसा जाऊ?"

शेजारचा गडी सुटला. बाकीच्यांना सक्तमजुरी झाली. अपिलातही शिक्षा कायम राहिली.

सारं गाव त्या उत्तराचं कौतुक करत होतं. पारावर, पाणवठ्यावर, लग्नात, मला बघितलं की तेच. मी पदर सावरून ऐकून घ्यायची आणि आतून जळायची. संध्याकाळ झाली की शेजारच्या अंगणातून त्या सुटलेल्या गड्याचा बायकोवर ओरडल्याचा आवाज यायचा. कालवणात मीठ जास्त झालं, म्हशीला पेंड का घातली नाही, असलं काहीबाही. गाव त्याला पळपुटा म्हणायचं. मी भिंतीला टेकून त्याचा आवाज ऐकायची. असं कुणी माझ्यावर ओरडावं म्हणून मी काय दिलं नसतं! आमच्या घरात तांब्या वाकडा ठेवला, तर तो वाकडाच राहायचा.

तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली तेव्हा सासरे आणि मी साताऱ्याला गेलो. सासरे आधी बोलून बाजूला झाले. गजांपलीकडं घरधनी उभे होते, वाळलेले, डोक्यावर कैद्याची टोपी. काय काय बोलायचं ते मी वाटभर जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"आवं," मी म्हटलं, "त्या दिशी तुमी निगून आला असता तर?"

"तू कुटं हुतीस तवा?"

"बाबळीखाली. तुमची भाकरी घिऊन."

"मग?" ते जरा हसले. "नवरा पळताना बगायचा हुता व्हय तुला?"

"व्हय," मी म्हणाले. "माज्याकडं पळत येताना बगायचा हुता."

त्यांचं हसू गेलं. गावानं इतकं कौतुक केलेलं ते उत्तर त्यांनी मला दिलं नाही. मग शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं, आणि आत वळताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्या काळजीनं विचारलं, "घरी कवा पोचशील?"