बनुबाईचा शिक्क्याचा कागद

बनुबाईला कुणी काही सांगायला गेलं की ती आधी विचारते, "तुला कुनी सांगितलं?" सांगणारा गावातला असेल तर विषय तिथंच संपला. सांगणारा नगरचा असेल, त्याच्या खिशाला पेन असेल आणि तो जरा घाईत असेल, तर मात्र बनुबाई पदर सावरून ऐकते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही. सुप्यात हायवेला माझं भाडेकरार नोंदवायचं दुकान आहे. औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी पोरं खोल्या घेतात, त्यांचे आणि घरमालकांचे करार मी करून देतो. निम्म्या गावाचे अंगठे माझ्या मशीनवर उमटलेत. पण बनुबाईच्या लेखी मी तिच्या शेजारच्या लंकाबाईचा बन्सी, शाळेतून पळून जाणारा.

तिची कोरडवाहू जमीन वसाहतीत गेली आणि आलेल्या पैशात नवरा-बायकोनं रस्त्याकडेच्या उरलेल्या तुकड्यावर दुमजली घर बांधलं. नवरा घरभरणीनंतर फार जगला नाही. बनुबाई मागच्या पत्र्याच्या खोलीत राहिली, कारण म्हशी तिथं होत्या. नवं घर ती रोज झाडायची आणि कुलूप लावायची. एकटीनं एवढ्या फरशीवर काय करायचं, म्हणायची. राबायला ती कधी कंटाळली नाही. सकाळची धार काढून डेअरीत दूध घालून येईपर्यंत आमच्या घरात चहासुद्धा झालेला नसतो. फुकटचा सल्ला देणाऱ्याला ती उभं करत नाही आणि देवळातल्या भांडणात हटकून खऱ्याच्या बाजूनं बोलते. अशी बाई कागद म्हटलं की मेणाहून मऊ होते, हे मला कधी सहन झालेलं नाही.

यंदा पावसाळ्यात एका परदेशी कंपनीला आपल्या इंजिनियरांसाठी घर हवं होतं. कंपनीकडून पार्थ नावाचा पुण्याचा मुलगा आला. मुलगा चांगला, चपला बाहेर काढून घरात शिरणारा. त्याला घर आवडलं. बनुबाई म्हणाली, "समदं घर घ्या. पन दिवाळीला मला खालच्या दोन खोल्या लागतील." पार्थ म्हणाला, "चालेल की काकू, काही अडचण नाही." तो दिवाळीच्या पाहुण्यांचं समजला. बनुबाईनंही त्याला तसंच समजू दिलं.

खरी गोष्ट तिनं माझ्या दुकानात शटर निम्मं ओढून सांगितली. कोपरगावला दिलेली तिची लेक दिशा दिवाळीला येणार होती ती परत न जाण्यासाठी. सोबत तिची मुलगी संस्कृती. नवऱ्यानं हात उचलायला सुरुवात केली होती आणि सासू मध्ये पडत नव्हती. "पत्र्याच्या खोलीत म्हशींसंगं न्हाई ठेवायची लेकीला," बनुबाई म्हणाली. "ती खालच्या खोल्यांत राहील. वर कंपनी. गावाला आत्ताच नको कळाया." मी म्हटलं, "मग ते कागदात लिहून घे. करार आला की आधी माझ्याकडं आण. वाचून सांगतो."

करार आला तो इंग्रजीत, चांगला जाडजूड, पुण्याच्या वकिलानं केलेला. तो माझ्याकडं आला का? नाही. तो गेला कल्याणकडं. कल्याण म्हणजे बनुबाईचा पुतण्या, नगरला एका वकिलाकडं कारकून आहे. त्यानं पानं उलटली आणि सांगितलं, "चुलती, ह्याचं मराठीत सर्टिफाईड भाषांतर करून घ्यावं लागंल. उद्या कोर्टात गेलं तर बिगरशिक्क्याचं चालत न्हाई." झालं. कोर्ट हा शब्द ऐकल्यावर बनुबाईला दुसरं काही ऐकू येईना.

मी तिला रस्त्यात गाठून सांगितलं, आणि नीट सांगितलं. भाडेकरार मराठीत असला तरी चालतो, इंग्रजीत असला तरी चालतो. नोंदणीला भाषांतर लागत नाही. दुय्यम निबंधकाला कळणार नाही अशा, आपल्या जिल्ह्यात न चालणाऱ्या भाषेतला कागद असेल तरच त्याला खरं भाषांतर जोडावं लागतं. कोर्टानं मागितलं तर तेव्हा बघता येतं. परदेशातल्या कचेरीत कागद दाखवायचा असेल तर तिथं प्रमाणित भाषांतर लागतं, आणि ती कचेरीच सांगते कसं हवं ते. आपल्याकडं सर्टिफाईड म्हणजे तरी काय? भाषांतर करणारा सही करून लिहून देतो की हे मुळाबरहुकूम आहे. "तुला आत्ता शिक्का नको, मावशे," मी म्हटलं. "तुला त्यात काय लिहिलंय ते कळायला पायजे."

"तुला कुनी सांगितलं?" बनुबाई म्हणाली आणि नगरच्या एसटीत चढली.

मग तिच्या खेपा सुरू झाल्या. पहिला टायपिंगवाला म्हणाला, भाषांतर करतो पण शिक्का माझा नाही. दुसऱ्यानं नोटरीकडं पाठवलं. नोटरीचे साहेब कामात होते, आणि नंतर भेटले तेव्हा म्हणाले की मी भाषांतर तपासत नाही, करणाऱ्यानं माझ्यासमोर शपथेवर सही केली तर त्या सहीवर शिक्का मारीन. म्हणजे भाषांतर करणारा शोधा. तो पुण्याला मिळाला, कल्याणच्या ओळखीनं. कागद तिकडं गेला. तिकडून निरोप आला की एक पान पुसट आहे, पुन्हा पाठवा. बनुबाई पुन्हा पार्थकडं, पार्थ पुन्हा त्यांच्या वकिलाकडं. श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले. मला बघून ती रस्ता बदलायची. माझं डोकं फिरायचं, पण करणार काय? तिचं घर, तिचा कागद, तिचा पुतण्या.

भाषांतर आलं तेव्हा तिनं ते मला दाखवलं. वाचायला दिलं नाही, नुसतं दाखवलं. प्रत्येक पानावर गोल शिक्का, शेवटी सही, वर लाल शिक्क्याची नोटरी. "बघ," ती म्हणाली. "आता कोन फशिवतंय मला?" मी विचारलं, "वाचलंस का?" ती चौथीपर्यंत शिकलेली, पोथी वाचते. म्हणाली, "वाचलं की. लई अवघड हाय, म्हंजी बराबरच आसनार."



नोंदणीसाठी मी मशीन घेऊन तिच्या घरी गेलो. पार्थ कंपनीचं अधिकारपत्र घेऊन आला होता. साक्षीला कल्याण आणि शेजारची रंगुबाई. पार्थ खुशीत होता. म्हणाला, त्यांच्या साहेबांच्या घरभत्त्यासाठी परदेशातल्या हेडऑफिसला नोंदलेल्या कराराचं तिकडच्या भाषेत सर्टिफाईड भाषांतर द्यावं लागतं, ते कंपनी पुण्यातून करून घेणार होती. ऐकून मी कल्याणकडं बघितलं. शिक्क्याची जागा ती होती. कल्याण मोबाईल बघत होता.

मी म्हटलं, अंगठा घेण्याआधी मालकाला करार वाचून दाखवायची माझी रीत आहे. कल्याण म्हणाला, "आता काय वाचायचं? सर्टिफाईड हाय." मी शिक्क्याचं मराठी उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "अनुज्ञप्तीदात्यास बद्धकालावधीमध्ये सदर परिसर अथवा त्याचा कोणताही भाग परत मागण्याचा अधिकार असणार नाही." मग इंग्रजीतलं तेच कलम वाचलं. दोन्ही तंतोतंत जुळत होती. भाषांतर करणाऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं. त्याला कुणी सांगितलं होतं की एका आईला खालच्या दोन खोल्या हव्यात म्हणून?

"सोप्यात सांग," बनुबाई म्हणाली.

"अनुज्ञप्तीदाती म्हंजी तू, घर वापरायला देनारी. बद्धकालावधी दोन वर्षांचा. दोन वर्षं तुला घर मागता येनार न्हाई. एक खोलीसुदिक न्हाई. कंपनीला जायचं आसंल तर ती महिन्याच्या नोटिशीवर जाऊ शकते. आनि शेवटाला लिवलंय, भाषांतरात आनि मुळात फरक पडला तर इंग्रजीच खरं धरायचं."

"दिवाळीला?"

"दिवाळीला बी न्हाई."

बनुबाईनं मशीनजवळ आणलेला हात मांडीवर घेतला. पार्थचा चेहरा पडला. तो म्हणाला, "काकू, मला वाटलं पाहुणे येणार आहेत, चार दिवस. त्यांची सोय आम्ही केली असती." तो खोटं बोलत नव्हता. कल्याण म्हणाला, "चुलती, दोन वर्षं जात्यात आशी. पाव्हन्यांना मागं ठेव." रंगुबाई म्हणाली, मागं म्हशी आहेत. बनुबाई कुणाकडंच बघत नव्हती. चौघांसमोर एक वाक्य बोलली असती, तर कल्याणचंही तोंड मिटलं असतं आणि पार्थनंही कंपनीकडं जास्त जोर लावला असता. पण ते वाक्य म्हणजे लेकीची अब्रू होती, आणि ती कल्याणच्या हाती द्यायची नव्हती. ते सांगायचा हक्क माझाही नव्हता.

ती एवढंच म्हणाली, "वरचा मजला घ्या. खालचा मी देनार न्हाई."

पार्थनं बाहेर जाऊन पुण्याला फोन केला. बराच वेळ बोलत होता, विनवत होता असं वाटलं. आत येऊन म्हणाला, कराराचा साचा हेडऑफिसचा आहे. बदल करायचा तर तिकडून मंजुरी लागते. महिनाभर आधी सांगितलं असतं तर नक्की झालं असतं, आता साहेब लोक पुढच्या आठवड्यात येतायत. एक महिना. नगरच्या खेपांमध्ये किती महिने गेले ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला त्या शिक्क्यांवर पाणी ओतावंसं वाटलं. मी मशीन पिशवीत भरलं आणि निघालो. कंपनीनं हायवेच्या पलीकडं दुसरं घर घेतलं.

त्यानंतर बनुबाईवर गावानं तोंडसुख घेतलं. हातची लक्ष्मी घालवली म्हणाले, म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणाले. कल्याण तर सगळ्यांना सांगत सुटला की मी एवढं पक्कं काम करून दिलं आणि चुलतीनं ऐन वेळी अंगठा काढून घेतला. बनुबाई दूध घालून यायची, ऐकायची आणि पुढं जायची. मी एकदा चिडून म्हणालो, सांगून टाक ना खरं. ती म्हणाली, "तू गप बस."

दिवाळीच्या आधी दिशा आली. मी वायरमनला घेऊन खालच्या खोल्यांत होतो, बनुबाईनं दिवे बसवायला बोलावलं होतं. दिशा दारात उभी राहिली, कडेवर पेंगुळलेली संस्कृती. घरभर नजर फिरवून म्हणाली, "आई, वर-खाली सगळं रिकामंच? कंपनी घेनार हुती म्हनालीस ना फोनवर. माझ्यापायी तर न्हाई ना मोडलं?"

बनुबाईनं नातीला तिच्याकडून घेतलं. "तुझा काय संबंध? कागद इंग्रजीत व्हता, शिक्क्याचं काय जमंना. ह्या बन्सीलाच विचार."

दिशानं माझ्याकडं बघितलं.

"शिक्का मिळाला न्हाई," मी म्हणालो.